परताव्याची वाटणी

ऑनलाइन मागवलेला बाराशे रुपयांचा कुर्ता दंडात घट्ट बसला म्हणून परत केला. न्यायला माणूस आला, पाकीट घेऊन गेला, आणि दोन दिवसांनी बँकेचा मेसेज आला : सहाशे रुपये जमा. बाकीचे सहाशे कुठे गेले? अशा वेळी मनात पहिला शब्द येतो तो ‘फसवणूक’. पण ऑर्डरचे पैसे भरताना थोडे गिफ्ट कार्डातून, थोडे पॉइंटमधून आणि वर एखादं कूपन असं वापरलेलं असेल, तर सहाशेचा आकडा अगदी बरोबर असू शकतो. तो बरोबर आहे की नाही, हे ग्राहकाला घरबसल्या, वहीच्या अर्ध्या पानावर तपासता येतं. त्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. परतावा वस्तूच्या किमतीचा मिळत नाही. त्या वस्तूपोटी आपण जे भरलं त्याचा मिळतो, आणि जे ज्या वाटेनं भरलं ते त्याच वाटेनं परत येतं.

एक ऑर्डर डोळ्यांसमोर ठेवू. दिवाळीची खरेदी आहे. साडी 1,800 रुपयांची, कुर्ता 1,200चा आणि चपला 1,000च्या. एकूण 4,000. दुकानानं तीन हजारांवरच्या खरेदीला 800 रुपये सवलतीचं कूपन दिलं आहे, ते लावलं. उरले 3,200. खात्यात 200 पॉइंट पडून होते, एका पॉइंटचा एक रुपया. तेही वापरले. उरले 3,000. भाचीनं वाढदिवसाला दिलेलं 1,000 रुपयांचं गिफ्ट कार्ड होतं, ते टाकलं. राहिलेले 2,000 यूपीआयनं भरले. साडी आणि चपला पसंत पडल्या, कुर्ता परत गेला.

सवलत कुठली आणि पैसे कुठले

या चार गोष्टी आपल्या दृष्टीनं सारख्याच असतात, कारण चारही वापरल्यावर भरायची रक्कम कमी होते. दुकानाच्या हिशेबात मात्र त्यांची जात वेगळी आहे. कूपन ही सवलत आहे. तिच्यामुळे वस्तूची किंमतच उतरते. गिफ्ट कार्ड म्हणजे कुणीतरी आधीच भरून ठेवलेले पैसे. त्यानं किंमत उतरत नाही, ती चुकती होते.

हा फरक बिलावर दिसतो. ऑर्डरबरोबर येणारं किंवा अ‍ॅपमधून उतरवून घेता येणारं कर-बिल उघडून पाहा. त्यात प्रत्येक वस्तूसमोर मूळ किंमत, मग सवलत, मग करपात्र रक्कम आणि त्यावरचा जीएसटी अशा रकान्यांची रांग असते. जीएसटी कायद्याच्या 15व्या कलमाप्रमाणे विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलावर नोंदलेली सवलत करपात्र रकमेतून वजा होते. त्यामुळे विक्रेत्यानं स्वतःच्या खिशातून दिलेलं कूपन या रकान्यात, एकूण रकमेच्या आधी येतं. गिफ्ट कार्ड तिथे येत नाही. ते एकूण रकमेनंतर, पैसे कसे चुकते केले या भागात येतं. थोडक्यात, एकूण रकमेच्या वर असेल ती सवलत आणि खाली असेल ते पैसे.

पॉइंट मात्र दोन्हीकडे सापडतात. काही दुकानं ते सवलत म्हणून दाखवतात, काही पैसे म्हणून. बँकेच्या कार्डावर मिळणारी झटपट सवलत तर अनेकदा विक्रेत्याच्या बिलावर येतच नाही, कारण विक्रेत्याला पूर्ण किंमत मिळालेली असते आणि फरक दुसऱ्या कुणीतरी सोसलेला असतो. वीस हजारांच्या फोनवर बँकेनं दीड हजार सोडले, तर बिल वीस हजारांचंच दिसू शकतं. पण फोन परत केल्यावर आपल्या कार्डावर साडेअठरा हजारच येतील, कारण आपल्या कार्डातून तेवढेच गेले होते. बिलावरचा आकडा दाखवून वीस हजार मागितले तर ते मिळत नाहीत.

कुर्त्याच्या वाट्याला काय आलं

आता कुर्त्याकडे. कूपन अख्ख्या ऑर्डरला लावलं होतं, एकट्या कुर्त्याला नाही. मग 800 रुपयांतले कुर्त्याचे किती? रूढ पद्धत किमतीच्या प्रमाणात वाटणी करण्याची आहे. चार हजारांत कुर्ता बाराशेचा, म्हणजे तीस टक्के. कूपनचे तीस टक्के 240 रुपये. म्हणजे कुर्ता आपल्याला 960 रुपयांना पडला. बाराशेचा परतावा मिळण्याचा प्रश्न इथेच संपतो, कारण बाराशे आपण कधी दिलेच नव्हते.

हीच तीस टक्क्यांची पट्टी बाकीच्या तिघांना लावायची. पॉइंटचे 60, गिफ्ट कार्डाचे 300 आणि यूपीआयचे 600. तिघांची बेरीज 960. बँकेचा सहाशेचा मेसेज बरोबर होता. तीनशे रुपये गिफ्ट कार्डावर आणि साठ पॉइंट खात्यात परत गेलेले असणार, फक्त त्यांचा मेसेज बँक पाठवत नाही. ते पाहायला अ‍ॅपमध्ये त्या ऑर्डरचा तपशील उघडावा लागतो. तिथे बहुतेक ठिकाणी परताव्याचा वाटपवार तपशील दिलेला असतो.

पट्टी बरोबर आहे का, हे पडताळायचं असेल तर बाकीच्या वस्तूंनाही लावून पाहावी. चपलांचे पंचवीस टक्के : कूपन 200, पॉइंट 50, गिफ्ट कार्ड 250, यूपीआय 500. साडीचे पंचेचाळीस टक्के : 360, 90, 450 आणि 900. उभी बेरीज केली की 800, 200, 1,000 आणि 2,000 हे मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. ज्या हिशेबात ही उभी बेरीज जुळत नाही, तिथे काहीतरी चुकलं आहे असं समजावं. एखाद्या रुपयाचा फरक मात्र सोडून द्यावा. शंभराचं कूपन तीन सारख्या वस्तूंवर वाटलं तर एकीच्या वाट्याला एक पैसा जास्त येणारच.

‘दोनवर एक फुकट’ या योजनेतही हीच वाटणी चालते. नऊशेचे तीन शर्ट अठराशेला मिळाले, तर बिलावर अनेकदा तिन्ही शर्ट सहाशे-सहाशेचे दाखवलेले असतात. फुकट असा कुठलाच शर्ट नसतो. त्यातला एक परत केला की नऊशे नाही, सहाशे मिळतात. काही दुकानं तर अशा योजनेत परत करायचे तर तिन्ही, नाहीतर एकही नाही, अशी अट घालतात.

आधी कुणाला?

वर मांडलेली वाटणी सगळ्यात सरळ आहे, पण सगळीकडे तीच नसते. काही दुकानं परतावा रांगेनं देतात. आधी गिफ्ट कार्ड भरून काढायचं, मग उरलं तर बँकेकडे. आपल्या उदाहरणात साठ पॉइंट सोडले तर 900 रुपये परत करायचे आहेत. गिफ्ट कार्डातून 1,000 गेले होते. मग सगळेच 900 कार्डावर जातात आणि बँकेत एक रुपयाही येत नाही. उद्या चपलाही परत केल्या, तर त्यांच्या 750 रुपयांपैकी 100 कार्डावर जातात, कारण कार्डाची तेवढीच जागा शिल्लक आहे, आणि 650 यूपीआयच्या वाटेनं बँकेत. क्वचित ही रांग उलटीही असते, आधी बँक आणि मग कार्ड. एकूण आकडा तोच राहतो, पण दुकानात अडकलेले पैसे आणि हातात आलेले पैसे यांचं गणित पार बदलतं.

गिफ्ट कार्ड पहिल्या नंबरावर ठेवण्यात दुकानाचा स्वार्थ उघड आहे. कार्डावरचे पैसे पुन्हा त्याच दुकानात खर्च होतात. पण याला दुसरं, जास्त गंभीर कारणही आहे. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर गिफ्ट कार्ड विकत घ्यायचं, त्यातून वस्तू मागवायची, ती परत करायची आणि परतावा स्वतःच्या बँक खात्यात मागायचा, ही भामट्यांची जुनी युक्ती आहे. चोरीचा पैसा दोन पायऱ्यांत धुऊन निघतो. म्हणून गिफ्ट कार्डातून गेलेली रक्कम बँकेत द्यायला दुकानं ठाम नकार देतात. कितीही विनवण्या केल्या तरी फोनवरचा कर्मचारी तिथे हलत नाही, कारण त्याच्यासमोरच्या पडद्यावर तो पर्यायच नसतो. पैसे स्वीकारणारी यंत्रणा प्रत्येक वाटेनं आलेल्या रकमेची वेगळी नोंद ठेवते आणि त्या नोंदीवर आलं त्यापेक्षा जास्त परत पाठवू देत नाही.

नियमही याच बाजूचा आहे. ऑनलाइन दुकानांसाठी पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांना रिझर्व्ह बँकेनं मार्च 2020मध्ये घालून दिलेल्या चौकटीत म्हटलं आहे की परतावा मूळ वाटेनंच जावा. ग्राहकानं दुसऱ्या वाटेला स्पष्ट संमती दिली असेल तरच अपवाद.

ती संमती आपण किती सहज देऊन बसतो ते पाहण्यासारखं आहे. वस्तू परत करताना शेवटच्या पानावर दोन गोल दिसतात. एकासमोर लिहिलेलं असतं ‘दुकानाच्या वॉलेटमध्ये, ताबडतोब’, आणि दुसऱ्यासमोर ‘मूळ खात्यात, पाच ते सात दिवसांत’. पहिला गोल कधी कधी आधीच भरलेला असतो. घाईत पुढे गेलं की यूपीआयनं भरलेले सहाशेही दुकानाच्या वॉलेटमध्ये जाऊन बसतात, आणि मग ती आपलीच संमती असते. म्हणून या पानावर एक क्षण थांबून कुठला गोल भरलेला आहे ते पाहावं.

कूपनची अट मोडली तर

सर्वात जास्त वाद होतात ते इथे. आपलं कूपन तीन हजारांवरच्या खरेदीला होतं. कुर्ता गेल्यावर साडी आणि चपला मिळून 2,800 उरतात. मग कूपन टिकलं की गेलं?

अनेक दुकानं इथे डोळेझाक करतात आणि 960चा परतावा देतात. पण काहींच्या अटींत लिहिलेलं असतं की परताव्यानंतर उरलेली खरेदी किमान रकमेच्या खाली गेली, तर अख्खी सवलत मागे घेतली जाईल. अशा वेळी हिशेब असा होतो : ठेवलेल्या वस्तू पूर्ण किमतीला 2,800च्या, आपण पॉइंटसकट भरले 3,200, म्हणजे परतावा 400. एका अटीनं 560 रुपयांचा फरक पडला. बाराशेचा कुर्ता परत करून चारशे हातात आले की कुणाचंही डोकं फिरेल, पण अट आधी स्पष्ट दाखवली असेल तर भांडायला जागा फारशी उरत नाही.

‘आधी दाखवली असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. 2020च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार परतावा, अदलाबदल आणि पैसे देण्याच्या पद्धती यांची माहिती खरेदी करण्यापूर्वी ग्राहकाला कळेल अशी द्यावी लागते. ऑर्डर करतानाच्या अटींत नसलेली वजावट दुकानानं परताव्याच्या वेळी काढली, तर ती मान्य करण्याचं कारण नाही. म्हणून मोठी ऑर्डर करताना कूपनच्या खाली बारीक अक्षरांत दिलेल्या अटींचा फोटो घेऊन ठेवावा.

वस्तू सदोष निघाली तर गोष्ट आणखी वेगळी. कुर्ता आपल्याला आवडला नाही म्हणून परत करणं आणि तो फाटका आला म्हणून परत करणं, या दोन गोष्टी कायद्यापुढे एक नाहीत. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं आणि बिलात सांगितलेल्या मुदतीत, मुदत सांगितली नसेल तर 30 दिवसांत, त्याचे पैसे परत न करणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. चूक दुकानाची असताना कूपनची अट ग्राहकामुळे मोडली असं म्हणता येत नाही. तक्रार करताना हा मुद्दा पहिल्याच वाक्यात लिहावा आणि वस्तूचा फोटो जोडावा.

परत आलेलं सगळंच सारखं टिकत नाही

परताव्याचे आकडे जुळले तरी एक गोष्ट उरते : जे परत आलं ते कधीपर्यंत वापरता येईल?

कूपन सहसा परत येत नाही. ते एकदा वापरायचं असतं आणि परतावा घेताना त्याचा हिस्सा संपलेला असतो. माल निघण्यापूर्वी अख्खी ऑर्डर रद्द केली तर काही ठिकाणी ते पुन्हा चालू होतं, पण तोवर कूपनची तारीख उलटली असेल तर त्याचा काही उपयोग नाही. पॉइंट परत येतात, पण त्यांची मुदत अनेकदा जुनीच राहते. महिनाअखेरीला बाद होणार म्हणून घाईनं वापरलेले पॉइंट पुढच्या महिन्यात परत आले, तर काही योजनांत ते येताक्षणीच बाद होतात. शिवाय त्या खरेदीवर नवे पॉइंट किंवा कॅशबॅक मिळाला असेल, तर परत केलेल्या वस्तूच्या प्रमाणात तोही काढून घेतला जातो. तो आधीच खर्च झाला असेल, तर काही दुकानं तेवढी रक्कम परताव्यातूनच कापतात. हिशेबात न समजणारी वजावट दिसली की पहिला संशय इथे घ्यावा.

गिफ्ट कार्डांचे दोन प्रकार आहेत. एकाच दुकानात चालणारं त्या दुकानाचं कार्ड रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेत येत नाही, त्याला दुकानाच्या अटी लागू होतात. अनेक दुकानांत चालणारं, बँकेनं किंवा परवानाधारक कंपनीनं काढलेलं कार्ड मात्र रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड साधनांच्या नियमांखाली येतं. ऑगस्ट 2021च्या या नियमांप्रमाणे असं गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त 10,000 रुपयांचं असतं, ते पुन्हा भरता येत नाही आणि त्यातून रोख काढता येत नाही. मुदत किमान एक वर्षाची असावी लागते आणि ती संपण्याआधीच्या 45 दिवसांत कार्डधारकाला सावध करावं लागतं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं सर्वात कामाचं कलम हे, की व्यवहार रद्द झाला किंवा माल परत गेला तर त्या कार्डातून जेवढी रक्कम गेली होती तेवढी त्याच कार्डावर लगेच जमा व्हायला हवी. मग त्यानं कार्डाची मर्यादा ओलांडली तरी चालेल.

‘त्याच कार्डावर’ म्हणून शिल्लक शून्य झालेलं कार्ड फेकू नये. प्लास्टिकचं असेल तर कार्ड, ई-मेलनं आलं असेल तर तो मेल आणि पिन, परत करण्याची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावा. पैसे आले आणि कार्ड केराच्या टोपलीत गेलं, तर ते काढण्यासाठी दुकानाच्या मागे लागावं लागतं. आणखी एक, परतावा कार्ड वापरणाऱ्याला मिळतो, कार्ड देणाऱ्याला नाही. भाचीच्या खात्यात काही जात नाही.

ऑर्डर करण्यापूर्वी आणि नंतर

या सगळ्यातून खरेदीची एक साधी पद्धत निघते. जी वस्तू नक्की ठेवायची आहे, तिच्यावर गिफ्ट कार्ड, पॉइंट आणि कूपन खर्च करावेत. धान्य, साबण, आपल्या मापाची ठरलेली चप्पल. जिच्या मापाची, रंगाची शंका आहे ती वस्तू वेगळ्या ऑर्डरमध्ये, थेट यूपीआयनं किंवा कार्डानं घ्यावी. ती परत गेली तर पैसे एकाच वाटेनं आणि पूर्ण येतील, आणि कूपनच्या किमान रकमेला धक्का लागणार नाही.

परतावा येईपर्यंत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सगळे भाग एकाच दिवशी येत नाहीत. गिफ्ट कार्ड आणि पॉइंट अनेकदा त्याच दिवशी जमा होतात, यूपीआयला काही दिवस लागू शकतात, आणि क्रेडिट कार्डाला आठवडाही. कार्डाच्या बाबतीत वेगळा मेसेज न येता रक्कम पुढच्या स्टेटमेंटमध्ये जमा दिसते. दुसरं, ‘परतावा दिला’ असं दुकान म्हणत असेल आणि बँकेत काही दिसत नसेल, तर यूपीआयच्या परताव्याचा यूटीआर क्रमांक किंवा कार्डाच्या परताव्याचा एआरएन क्रमांक मागावा. तो क्रमांक दिला की रक्कम कुठे अडकली ते बँक शोधू शकते. क्रमांक द्यायला दुकान टाळाटाळ करत असेल, तर पैसे अजून निघालेलेच नाहीत असं धरून चालावं.

आकडाच चुकलेला असेल, तर ‘पैसे कमी आले’ एवढंच लिहून पाठवू नये. ऑर्डर क्रमांक, वस्तूची किंमत, एकूण किंमत, त्यावरून निघणारी टक्केवारी आणि प्रत्येक वाटेनं किती यायला हवे होते व किती आले, हे चार ओळींत मांडावं. ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. तिथेही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही.